चांगल्या कानात चार थेंब

सायलसचा डावा कान लहानपणीच कामातून गेला होता. वाहायचा, सुकायचा, पुन्हा वाहायचा, आणि असं करत करत पडद्याला कायमचं भोक राहून गेलं. आमच्या बेटावर असा कान घरटी एक तरी सापडेल, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही. सायलसला तर अजिबात वाटायचं नाही. "डावा कान सासूचा, उजवा बायकोचा," असं तो माझ्या आईच्या तोंडावर म्हणायचा, आणि आई हातातला डाव उगारून त्याच्या मागे धावायची.

चर्चमध्ये तो नेहमी बाकाच्या अगदी डाव्या टोकाला बसायचा, म्हणजे सगळी माणसं आपोआप उजवीकडे. मी त्याला चिकटून. प्रवचन लांबलं की त्याच्या उजव्या कानाशी मी काहीतरी पुटपुटायची आणि तो हसू दाबत खाली बघायचा. मेरीआना पोटात आहे हेही मी त्याला असंच सांगितलं होतं, धक्क्यावर, त्याचे भाऊ शेवंडींची टोपली उतरवत असताना. मी त्याच्या कानात चार शब्द बोलले आणि त्याच्या हातातून टोपली सुटली. शेवंडी धक्काभर पळाल्या. ओबेद ओरडला, "वहिनी, काय सांगितलंस गं? घर जळालं का?"

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या उजव्या कानाचं आहे.

माझे सासरे जाऊन दोन वर्षं होत आली होती. कबरीवर दगड बसवायचा, तो कापडात गुंडाळून ठेवायचा, आणि सगळी भावकी जमली की कापड उघडून मोठं जेवण घालायचं, हे आमच्याकडे थोरल्या मुलाचं काम. तोवर माणूस पुरता निरोप घेत नाही असं मानतात. तारीख ठरली होती. मुख्य भूमीवरच्या केर्न्सहून आत्या येणार होत्या, शेजारच्या तीन बेटांवरून होड्या येणार होत्या. दगड येऊन पडला होता. जेवणाच्या शेवंडी सायलसने स्वतः बुडी मारून आणायच्या होत्या, आणि कापड सुटलं की सासऱ्यांनी स्वतः रचलेलं भजन त्यानेच उचलायचं होतं. सासरे चर्चमध्ये सूर देत. त्यांच्यामागे सायलस देतो. देत होता.

शेवंड हाताने धरायची तर पाणी स्वच्छ लागतं आणि ओढ नसावी लागते. तसं पाणी फक्त भांगाच्या दिवसांत मिळतं, भरती-ओहोटी नरम असते तेव्हा. मधल्या उधाणाच्या दहा-बारा दिवसांत समुद्र गढूळ आणि वेडापिसा; तेव्हा माणसं जाळी दुरुस्त करतात, इंजिनं उघडून बसतात, बायकांच्या मध्ये मध्ये येतात. म्हणजे जेवणाआधी आमच्या हाताशी दोनच भांग उरले होते.

पहिल्या भांगाच्या शेवटच्या दिवशी सायलस सर्दी घेऊनच गेला. मी म्हटलं, "नाक बंद आहे तुझं, कान मोकळा होणार नाही." तो म्हणाला, "कान माझं ऐकतो. तूच ऐकत नाहीस."

दुपारी परत आला तो डोकं उजवीकडे कलवून. खाली जाताना कान दुखत होता, तरी त्याने नाक दाबून जोर लावला. आत टक्‌ झालं. मग गार पाणी डोक्यात शिरल्यासारखं वाटलं, क्षणभर सगळं फिरलं, आणि तो वर आला. कानाच्या कडेला रक्ताचा एक सुकलेला थेंब होता.

"दवाखान्यात जाऊन ये," मी म्हटलं.

"जाईन आणि मार्गो काय म्हणेल, सांगू?" मार्गो आमच्या दवाखान्यातली नर्स, टास्मानियाची. सायलसने तिचा आवाज काढला. "'सायलस, दोन महिने डोकं पाण्याखाली न्यायचं नाही.' आणि तुझी आमा तिच्या शेजारी उभी राहून मान हलवेल. तासाभरात अख्ख्या बेटाला कळेल. ओबेद मला होडीत घेणार नाही. बाबांच्या जेवणाला शेवंडी कोण आणणार? मार्गो?"

आमा केझाया ही माझी मावशी, दवाखान्यात आरोग्य सेविका. तिला कळलं असतं तर तिने सायलसला घरात कोंडून ठेवलं असतं, हे खरंच होतं. लुका काखेत, सात महिन्यांचा, दात येत होते म्हणून माझा खांदा चावत होता. मला एवढंच आठवतं की सायलसचं दुखणं थांबावं असं मला फार वाटत होतं. आणि सासऱ्यांचं जेवण पार पडावं असंही वाटत होतं. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

फ्रिजच्या दारात, सोयासॉसच्या मागे, ती बाटली होती.

मेरीआनाची. गेल्या उन्हाळ्यात ती दिवसभर धक्क्यावरून उड्या मारायची, तेव्हा तिच्या कानाची वाट सुजली होती. मार्गोने दिवा लावून कानात नीट बघितलं होतं आणि म्हणाली होती, "पडदा शाबूत आहे, म्हणून हे देते. सात दिवस घाल आणि बाटली फेकून दे." सात दिवसांत मेरीआना बरी झाली. बाटली निम्म्याहून जास्त उरली. बेटावर औषध विमानाने येतं. उरलेलं औषध कोण फेकतं?

"हे घालू?" मी बाटली वर धरून विचारलं.

तो म्हणाला, "घाल की. मेरीआनाचा कान बरा झाला ना याने?"

मार्गोने शिकवलं होतं तसं मी सगळं केलं. बाटली मुठीत धरून ऊब दिली, कारण गार थेंबांनी गरगरतं. त्याला डाव्या कुशीवर झोपवलं. कानाची पाळी वर-मागे ओढली. चार थेंब. मग कानापुढची छोटी पाकळी बोटाने चारपाच वेळा दाबली, औषध आत जावं म्हणून. मेरीआना शेजारी बसून मोजत होती. "आता पाच मिनिटं हलायचं नाही हं, बाबा. मी हलले नव्हते."

सायलसने तोंड वाकडं केलं. "ई! घशात आलं. कडू जहर आहे."

संध्याकाळी ओबेद आला तेव्हा सायलसने त्याला हेच सांगितलं. ओबेद खूश झाला. "घशात आलं? मग झालंच! आरपार मोकळा झाला तुझा कान. माझा तर आठ-आठ दिवस कोंडलेला असतो, औषध आत जातच नाही."

बुडी मारणाऱ्या माणसांचं सगळं आयुष्य कान मोकळा करण्यात जातं. कोंडलेला कान वाईट, मोकळा कान चांगला, यापलीकडे त्यांना कानाची दुसरी भाषाच नाही. त्यामुळे कानात घातलेलं घशात उतरलं, ही बातमी आमच्या ओट्यावर आनंदाची ठरली. मीही हसले. पडदा शाबूत असला तर कानातलं औषध घशात येऊच शकत नाही, हे आम्हा तिघांत कुणालाच ठाऊक नव्हतं. मेरीआनाला कधी कडू लागलं नव्हतं. हे मला तेव्हा आठवलं, आणि मी मनात म्हटलं, तिचा कान लहान आहे ना.

उधाणाचे दिवस सुरू झाले. तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं. सायलस मला म्हणाला, "बघ, डॉक्टरीणबाई." तिथे थांबलो असतो तरी कदाचित काही वाचलं असतं. पण पुढचा भांग तोंडावर आला होता आणि कान पक्का व्हायला हवा होता, म्हणून आम्ही थांबलो नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी एकही वेळ चुकवली नाही. लुका रडत असला तरी आधी त्याला झोळीत टाकून सायलसच्या कानात थेंब घालायची. त्याचं डोकं माझ्या मांडीवर असायचं. केसांत मीठ आणि डिझेलचा वास. ती पाच मिनिटं तो हलायचा नाही आणि मीही हलायची नाही, आणि घरात दोन मुलं असताना नवराबायकोला अशी पाच मिनिटं दुसरी मिळत नाहीत. मला ती आवडायची. हे मी नंतर कुणालाच सांगू शकले नाही.

नवव्या-दहाव्या दिवशी तो विचारू लागला, "जनरेटर चालू आहे का कुणाचा?"

"नाही."

"भुंगतंय काहीतरी."

मग एकदा मी त्याला उजव्या बाजूने हाक मारली आणि त्याने मान डावीकडे वळवली. सायलस हाकेला डावीकडे कधीच वळला नव्हता. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी त्याला उशी फेकून मारली.

एकदा पायऱ्या उतरताना तो खांबाला धरून थांबला. मी विचारलं तर म्हणाला, "काल रात्री झोप झाली नाही." त्या दिवशीही मी तीनदा थेंब घातले. बाटली संपली तेव्हा मी ती शेवटपर्यंत पिळली.

भांग लागला. पाणी काचेसारखं होतं. मी दोन्ही मुलांना घेऊन धक्क्यापर्यंत गेले, आणि तो होडीत पाय टाकताना अडखळला ते मी बघितलं. ओबेद म्हणाला, "सकाळी सकाळीच चढवलीस का रे?" सगळे हसले. सायलसही हसला, पण अर्धा क्षण उशिरा, बाकीच्यांची तोंडं बघून.

दोन तासांत होडी परत आली. इतक्या लवकर होडी येते तेव्हा धक्क्यावरचे सगळे हातातलं काम टाकून उठतात. ओबेदने त्याला काखेत हात घालून उतरवला. सायलस उभा राहू शकत नव्हता. त्याचे डोळे एका बाजूला सरकत होते, झटक्याने परत येत होते, पुन्हा सरकत होते. त्याने माझ्या पायांपाशी ओकारी काढली.

"खाली गेला आणि परत वर येईना," ओबेद म्हणाला. त्याच्या ओठांना रंग नव्हता. "मी बघितलं तर हा तळाकडे पोहत होता, वहिनी. जोरात. वाळूकडे. त्याला वाटत होतं तो वर येतोय. बुडबुडे वर जात होते आणि हा खाली. मी केस धरून ओढला."

दवाखान्यात मार्गोने कानात दिवा घातला. फार वेळ बघितलं नाही तिने. मागे सरली आणि आमा केझायाला म्हणाली, "तू बघ." आमाने बघितलं.

"भोक आहे," आमा म्हणाली. "कडा कोरड्या आहेत. पू नाही, सूज नाही. हे आजचं नाही."

मार्गोने सायलसला विचारलं, "कानात काही घातलं होतंस का?"

सायलस तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला ऐकू गेलं नव्हतं. मग त्याने माझ्याकडे बघितलं, मी सांगावं म्हणून, की ती काय म्हणाली.

बाटली माझ्या पिशवीत होती. का आणली होती कुणास ठाऊक, रिकामी होती. मी ती टेबलावर ठेवली. तिच्यावर चिठ्ठी होती: मेरीआनाचं नाव, तारीख, आणि आमाच्याच अक्षरात, सात दिवस, मग फेकणे.

आमाने चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. मला वाटलं ती ओरडेल. लहानपणी मी तिच्या हातचा मार खाल्ला आहे. पण ती हळू आवाजात म्हणाली, "किती दिवस?"

"अकरा. बारा."

"दिवसातून?"

"तीनदा. चार थेंब." आणि मग, का ते मला अजून कळत नाही, मी म्हटलं, "पाकळी दाबून. मार्गोने शिकवलं तसं."

"घशाला कडू लागत होतं का?"

"हो."

आमा खुर्चीवर बसली. "पहिल्या दिवसापासून?"

"हो, आमा."

"पोरी, दवाखाना इथेच होता," ती म्हणाली. "मी इथेच होते. तुझ्या घरातून माझं छप्पर दिसतं."

मार्गो फोनवर विमानाची व्यवस्था करत होती. मध्येच फोनवर हात धरून तिने मला समजावलं, रागावून नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. या बाटलीत दोन गोष्टी आहेत. एक सूज उतरवणारं स्टेरॉइड. दुखणं त्याने दबलं असेल, आणि दुखणं दबलं म्हणून तुम्ही आला नाहीत. दुसरं जंतू मारणारं औषध. ते कानाच्या बाहेरच्या वाटेत चालतं. पण पडद्यातून आत गेलं तर आतल्या कानाच्या बारीक केसांसारख्या पेशी मारून टाकू शकतं. ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या, दोन्ही. "भोक असलं तर मी वेगळे थेंब देते, आत गेले तरी चालणारे," ती म्हणाली. "किंवा काहीच देत नाही. याला काहीच लागत नव्हतं, डेला. कान कोरडा ठेवायचा आणि वाट बघायची. पडदा बहुधा आपला आपण भरून आला असता."

काहीच लागत नव्हतं. हे वाक्य मी विमानात मांडीवरच्या लुकाला थोपटत मनात फिरवत राहिले. मेरीआनाला आमाकडे ठेवलं होतं. सायलस शेजारी डोळे मिटून बसला होता, हातात ओकारीची पिशवी. मी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "मला माफ कर." त्याने डोळे उघडले नाहीत. विमानाचा आवाज होता. विमानाचाच असेल असं मी ठरवलं.

केर्न्सच्या हॉस्पिटलात त्याला एका छोट्या बंद खोलीत बसवलं आणि कानांवर यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेर उभी होते. तपासणारी मुलगी एकामागून एक खुणा करत होती, आणि त्याचा अंगठा बटणावर तयार होता, शेवंडीवर झडप घालायच्या आधी असतो तसा, आणि तो दाबत नव्हता. मध्ये मध्ये नुसत्या आशेवर दाबायचा. मुलगी मान हलवायची आणि ती खूण धरायची नाही.

कान-नाक-घशाचे डॉक्टर तरुण होते, समोर बसून सायलसला तोंड दिसेल असं सावकाश बोलत होते. "उजव्या कानाचं वरच्या सुरांचं ऐकू येणं जवळजवळ गेलंय. खालचं थोडं आहे, पण तेही सरळ नाही. एकच आवाज त्या कानाला वेगळाच ऐकू येत असेल. तोल हळूहळू सुधारेल, डोळे आणि पाय शिकून घेतील. पण पाण्याखाली डोळ्यांना आधार नसतो. बुडी मारू नका."

"कधीपर्यंत?" सायलसने विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "कधीच नाही मारायची."

मी विचारलं, "हे थेंबांनीच झालं का?"

मला दोन्ही उत्तरांची भीती होती. ते म्हणाले, "खात्रीने सांगता येणार नाही. टक्‌ झालं तेव्हा दाबानेही आतल्या कानाला थोडी इजा झाली असू शकेल. पण त्यानंतर ते दहा दिवस ऐकत होते, चालत होते, आणि मग गेलं, म्हणजे थेंबांचा वाटा मोठा असावा. आत पू असला, अस्तर सुजलेलं असलं की औषध थोडं तरी अडतं. यांचा आतला कान कोरडा आणि निरोगी होता. अडवायला काही नव्हतं." मग म्हणाले, "काही दिवस गोळ्या देऊन बघू. पण या पेशी परत येत नाहीत."

सायलसला सगळं कळलं नव्हतं. त्याने माझा दंड धरला. "काय म्हणाला?"

मी त्याच्या कानाशी वाकले, सवयीने. मग थांबले. त्याच्या समोर येऊन बसले आणि मोठ्याने म्हटलं, "परत येणार नाही." बाहेरच्या बाकांवरची माणसं दारातून बघू लागली.

डॉक्टर डाव्या कानाबद्दल मात्र चांगलं बोलले. त्याचा पडदा खराब आहे, आतलं शाबूत आहे. यंत्र लावलं तर बरंच ऐकू येईल. यंत्र करून यायला काही आठवडे लागतील. आता तोच कामाचा कान. जन्मभर ज्याची चेष्टा केली तो. सायलसला हे लिहून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सासू जिंकली," आणि मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

जेवणाच्या चार दिवस आधी आम्ही परतलो. शेवंडी ओबेदने आणि चुलतभावांनी आणल्या होत्या. दोन मोठे फ्रीझर भरले होते. ओबेदने झाकण उघडून सायलसला दाखवलं, एखाद्या चुकीची भरपाई दाखवावी तसं. सायलसने एक शेवंड उचलली, उलटसुलट केली, आणि जागेवर ठेवली. ओबेद मला बाजूला घेऊन म्हणाला, "आरपार मोकळा म्हणालो होतो मी, वहिनी." मला त्याला काहीतरी बोलायचं होतं. लुका रडायला लागला आणि ते राहून गेलं.

भजन दुसऱ्या कुणी उचलावं, असं आत्यांनी सुचवून बघितलं. सायलसने त्यांच्या ओठांकडे बघून ते ओळखलं. "बाबांचं आहे," तो म्हणाला. "मला पाठ आहे. ऐकायला कशाला लागतंय?"

शनिवारी सकाळी सगळे कबरीपाशी जमले. फुलाफुलांचे नवे झगे, नवे शर्ट. दगडावरचं कापड लहान मुलांनी एकेक फीत ओढून सोडवलं; मेरीआनाने सर्वांत वरची. काळा चकचकीत दगड, सासऱ्यांचा फोटो, शेजारी कोरलेलं कासव. कुणीतरी हुंदका दिला. मग सायलस पुढे आला. पाय थोडे फाकवून उभा राहिला, आता तो असाच उभा राहतो. एक हात त्याने दगडावर ठेवला, तोल जाऊ नये म्हणून. लोकांना वाटलं असेल, प्रेमाने ठेवला.

त्याने सूर दिला. चांगला होता. बायकांनी उचलला, पुरुष खालून आले, आणि पहिलं कडवं जसं सासऱ्यांच्या वेळी व्हायचं तसं झालं. मी मनात म्हटलं, देवा, जमलं.

दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज उतरू लागला. एकदम नाही. भरती उतरते तसा, कुणाला दिसणार नाही असा. तो सगळ्यांच्या खाली गेला आणि तिथेच ठाम, पूर्ण गळ्याने, डोळे मिटून गात राहिला. बाकीचे वर होते. त्या दोन सुरांच्या मधल्या फटीत माझा जीव अडकला. त्याला ती फट ऐकू येत नव्हती. एका लहान मुलाने आईकडे वर बघितलं. आईने त्याचं डोकं पोटाशी दाबलं.

मग आमा केझाया खाली आली.

मी तिचा आवाज ओळखते. तिने आपला सूर सोडला आणि सायलसच्या सुराला जाऊन मिळाली. तिच्या शेजारची आत्या. मग माझी आई. मग पुरुष, एकेक करून, ओबेद सर्वांत शेवटी, कारण तो रडत होता. कडवं संपेपर्यंत अख्खी भावकी सायलसच्या चुकीच्या सुरात गात होती. तिसऱ्या कडव्यात तो आणखी उतरला. तेही उतरले. शेवटच्या ओळीला ते इतक्या खाली होते की बायकांचे गळे घोगरे झाले होते, आणि कुणीही एकमेकांकडे बघत नव्हतं.

तो डोळे उघडून वळला. घामाने भिजला होता. किती दिवसांनी त्याचा चेहरा सैल झालेला मी बघत होते. दगडाला धरून धरून तो माझ्यापर्यंत आला, लुकाला माझ्याकडून घेतलं आणि विचारलं, स्वतःला कळत नव्हतं इतक्या मोठ्या आवाजात, "नीट झालं ना? सूर कुठे सुटला नाही ना?"

आवाज आजूबाजूला सगळ्यांना गेला. आमा चटईवर ताटं मांडत होती, ती थांबली. ओबेद थांबला. आत्या थांबल्या.

ही कानात सांगायची गोष्ट होती. पूर्वी मी त्याच्या खांद्याला रेलून दोन शब्दांत सांगितली असती, की सुटला होता रे, पण सगळे तुझ्यामागे आले. त्याने ती ऐकून खाली बघितलं असतं आणि ती आमच्या दोघांत राहिली असती. आता मी काहीही सांगायचं तर ओरडून सांगायचं, आमासमोर, ओबेदसमोर, त्या सगळ्या घोगऱ्या गळ्यांसमोर.

तो माझ्या ओठांकडे बघत थांबला होता.

मी मान हलवली. हो, नीट झालं.

तो आणखी क्षणभर बघत राहिला. मग त्याने लुकाला वर उचलून डाव्या खांद्यावर घेतलं. लुकाने त्याचा कान मुठीत धरला आणि त्यात काहीतरी बडबडू लागला, बाळं बडबडतात तसं, तोंड अगदी जवळ नेऊन. सायलस मान कलवून, श्वास रोखून ते ऐकायचा प्रयत्न करत उभा राहिला. जेवणाला बसा म्हणून कितीतरी हाका झाल्या. मी त्याला हात लावून सांगितलं नाही.